बिल पास झाले का? ईआरपीला जोडलेले पोर्टल रोजचे फोन कसे कमी करते

भोसरीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या मशीनिंग कारखान्याचा लेखा विभाग डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेदहाला फोन वाजतो. पलीकडे ब्रॅकेट पुरवणाऱ्या व्हेंडरचा हिशेबनीस असतो आणि तो विचारतो, "मॅडम, आमचं एकशे बारा नंबरचं बिल पास झालं का?" हे एक वाक्य ऐकल्यावर बिले पाहणाऱ्या बाई ईआरपीमध्ये, म्हणजे कारखान्याची खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या संगणकप्रणालीत, आधी त्या पार्टीचे लेजर उघडतात. तेथे बिल दिसत नाही, म्हणून त्या खरेदी ऑर्डरवरून जीआरएन, म्हणजे स्टोअर्सने केलेली माल मिळाल्याची नोंद, शोधतात. जीआरएन सापडतो, पण त्यावर तपासणीची नोंद नसते, म्हणून त्या स्टोअर्सला अंतर्गत फोन लावतात. स्टोअर्सवाले क्वालिटीकडे बोट दाखवतात. शेवटी त्या व्हेंडरला सांगतात, "दुपारी फोन करा," आणि तो दुपारी खरोखरच फोन करतो.

या संभाषणात कोणीही आळशी नाही, आणि माहितीही हरवलेली नाही. माल गेटवर कधी आला, किती नग मोजले गेले, किती नापास झाले, बिल कोणाच्या टेबलावर थांबले आहे, हे सगळे त्याच ईआरपीमध्ये नोंदलेले असते. अडचण एवढीच की ती नोंद वाचण्याचा अधिकार कारखान्यातल्या माणसाला आहे आणि प्रश्न कारखान्याबाहेरच्या माणसाला पडलेला आहे. त्या दोघांमध्ये आज टेलिफोन आहे. ग्राहक आणि व्हेंडर यांच्यासाठीचे पोर्टल ही त्या टेलिफोनच्या जागी बसवलेली खिडकी असते: लॉगिन केलेल्या पार्टीला ईआरपीतल्या फक्त स्वतःच्या नोंदी वाचता येतात आणि स्वतःची कागदपत्रे उतरवून घेता येतात.

ही खिडकी तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. ईआरपीनेक्स्ट आणि ओडू यांसारख्या प्रणालींत ग्राहक-व्हेंडर पोर्टलची मूळ सोय आधीपासून असते, इतर अनेक प्रणालींसाठी ती वेगळी बनवून जोडता येते. तरीही पोर्टल सुरू झाल्यावर फोन तसेच वाजत राहिले, असा अनुभव सर्रास येतो. माझ्या मते त्याचे मुख्य कारण असे की बहुतेक पोर्टले ईआरपीचा पडदा जसाच्या तसा बाहेर नेऊन ठेवतात. फोनवर विचारला जाणारा प्रश्न मात्र ईआरपीच्या भाषेतला नसतो, आणि बाई फोनवर जे काम करतात ते खरे पाहता भाषांतराचे असते. ते भाषांतर पोर्टलने केले नाही, तर त्याचा उपयोग होत नाही.

एका बिलाचा प्रवास

हे भाषांतर म्हणजे काय, ते एका बिलावर पाहू. समजा, 2025 च्या जुलैत त्या व्हेंडरने 1,000 ब्रॅकेट पाठवले. दर नगाला 84 रुपये, म्हणून मालाची किंमत 84,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 15,120 रुपये, आणि बिलाची एकूण रक्कम 99,120 रुपये. बिलाची तारीख 3 जुलै. टेम्पो 4 जुलैला गेटवर आला आणि सुरक्षारक्षकाने गेट एंट्री केली. स्टोअर्सने 5 तारखेला नग मोजून जीआरएन बनवला. क्वालिटीने 7 तारखेला तपासणी केली, तेव्हा 40 नगांच्या भोकाचा व्यास मापात बसला नाही. 960 नग स्वीकारले गेले. नापास 40 नगांची किंमत 3,360 रुपये आणि त्यावरचा जीएसटी 604 रुपये 80 पैसे मिळून 3,964 रुपये 80 पैशांची डेबिट नोट निघाली, आणि 9 जुलैला बिल 95,155 रुपये 20 पैशांना पास झाले.

या सहा दिवसांत ईआरपीमध्ये त्या बिलाची अवस्था चार वेळा बदलली. तिची नावे साधारणपणे "जीआरएन पेंडिंग", "क्यूसी पेंडिंग", "मिसमॅच" आणि "पोस्टेड" अशी असतात. व्हेंडरच्या हिशेबनिसाला हीच नावे पोर्टलवर दाखवली, तर तो "मिसमॅच" हा शब्द वाचून लगेच फोन उचलणार, कारण त्या शब्दातून त्याला एवढेच समजते की काहीतरी बिघडले आहे. त्याला हवे असते ते वाक्य वेगळे: "1,000 नग मिळाले, 960 स्वीकारले, 40 नापास, कारण भोकाचा व्यास, डेबिट नोट 3,964.80 रुपये, तपासणी अहवाल येथे उतरवून घ्या, नापास माल अमुक तारखेपर्यंत उचला." हे वाक्य बनवायला लागणारा प्रत्येक आकडा ईआरपीच्या तीन वेगवेगळ्या तक्त्यांत आधीच पडून असतो. पोर्टल बनवणाऱ्याचे खरे काम तो गोळा करून या क्रमाने मांडणे हे आहे.

या पडताळणीला लेखा विभागात तीन कागदांचा मेळ म्हणतात: खरेदी ऑर्डर, जीआरएन आणि बिल. तिन्हींत नग आणि दर जुळले, तरच बिल पुढे सरकते. जुळले नाहीत, तर ते होल्डवर जाते, आणि व्हेंडरचे त्रासदायक फोन बहुधा या होल्डच्या बिलांबद्दलच असतात. अनेक कारखान्यांत होल्डचे कारण कोणीतरी शेरा म्हणून मनाला येईल तसे टाइप करून ठेवलेले असते: "रेट चेक करणे", "स्टोअर्सला विचारा", कधी कधी तर "यांचे नेहमीचेच आहे". असा शेरा बाहेर दाखवता येत नाही, म्हणून पोर्टलवर नुसते "होल्ड" झळकते आणि फोन वाजतो. यावरचा उपाय संगणकाचा नसून टेबलावरचा आहे. होल्डची सहा-सात ठरावीक कारणे आधी लिहून काढायची, जसे दर ऑर्डरपेक्षा जास्त, नग कमी, ऑर्डरची मुदत संपलेली, चलनाची प्रत नाही, तपासणी बाकी, बिल जीएसटी पोर्टलवर दिसत नाही. आणि होल्ड लावताना त्यांतले एक निवडणे ईआरपीमध्ये सक्तीचे करायचे. त्यानंतर प्रत्येक कारणापुढे व्हेंडरने काय करायचे आहे, ते एका वाक्यात लिहायचे. शेवटचे कारण विशेष बोलके आहे. व्हेंडरने आपल्या विवरणपत्रात ते बिल दाखवले नाही, तर खरेदीदाराच्या दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-2बी या तक्त्यात ते उमटत नाही आणि खरेदीदाराला त्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून काही कारखाने तोपर्यंत करापुरती रक्कम थांबवतात. व्हेंडरला हे पोर्टलवरच वाचायला मिळाले, तर तो फोन आपल्या कर सल्लागाराला करतो, कारखान्याला नाही.

पैसे कधी मिळणार, या प्रश्नाचे उत्तर

बिल पास झाल्यावर पुढचा फोन पेमेंटच्या तारखेसाठी येतो, आणि येथे पोर्टल एक अशी गोष्ट उघडी पाडते जी आजवर कोणी नीट तपासलेली नसते. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची? अनेक ईआरपींमध्ये 45 दिवसांची मुदत बिल पास झाल्याच्या तारखेपासून मोजण्याची मांडणी केलेली असते. आपल्या उदाहरणात 9 जुलैपासून 45 दिवस मोजले, तर 23 ऑगस्ट येतो. पण हा व्हेंडर सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेला उत्पादक असेल, तर 2006 चा एमएसएमई विकास कायदा माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतो, आणि साधारणपणे तो दिवस म्हणजे माल प्रत्यक्ष पोहोचल्याचा दिवस. लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करार नसेल तर ती 15 दिवसांचीच असते. 40 नगांच्या नापासीवर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली गेली, तर तारीख ती हरकत मिटल्याच्या दिवसाकडे सरकू शकते. ती गुंतागुंत येथे बाजूला ठेवून स्वीकारलेल्या 960 नगांपुरते बोलायचे, तर 4 जुलैपासून 45 दिवस म्हणजे 18 ऑगस्ट.

आता समजा, हा कारखाना दर बुधवारी पेमेंट काढतो. 18 ऑगस्ट 2025 हा सोमवार आहे. "देय तारखेनंतरचा पहिला बुधवार" असा नियम प्रणालीत घातलेला असेल, तर पोर्टल 20 ऑगस्ट दाखवील, आणि कारखाना स्वतःच्याच पडद्यावर कायद्याची मुदत दोन दिवसांनी ओलांडल्याची लेखी कबुली देईल. "देय तारखेच्या आधीचा शेवटचा बुधवार" असा नियम असेल, तर 13 ऑगस्ट दिसेल, आणि तीच तारीख योग्य आहे. फरक एका ओळीच्या मांडणीचा असतो. पण मुदत चुकली, तर या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागू होते. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने आणलेल्या आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या तरतुदीमुळे सूक्ष्म व लघु पुरवठादाराला मुदतीनंतर दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत पुढे ढकलली जाते. त्यामुळे पोर्टल सुरू करण्याआधी सनदी लेखापालाला बसवून हा तारखेचा हिशेब पाच-दहा जुन्या बिलांवर हाताने करून पाहावा, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

पेमेंट गेल्यावर पोर्टलवर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: रक्कम, बँकेचा यूटीआर, म्हणजे तो व्यवहार ओळखण्याचा क्रमांक, आणि त्या रकमेत कोणकोणती बिले व डेबिट नोटा धरल्या आहेत याचा तपशील. तिसरी गोष्ट वारंवार राहून जाते. व्हेंडरच्या खात्यात 4,12,608 रुपये जमा होतात आणि ते सात बिलांपैकी कोणत्या पाचांचे आहेत हे त्याला कळत नाही. मग तो फोन येतो, आणि तो फोन सगळ्यांत लांब चालतो. बाकी टीडीएस प्रमाणपत्र आणि मार्चअखेरची शिल्लक खातरजमा या दोन गोष्टीही पोर्टलवर ठेवल्या, की त्या त्या हंगामातली गर्दी टळते.

येथे एक कबुली द्यायला हवी. कारखान्याकडे पैशांची चणचण असेल आणि त्यामुळे बिले थांबली असतील, तर पोर्टल तो फोन थांबवू शकत नाही. देय तारीख उलटून गेलेली बिले लाल अक्षरांत दिसू लागली, की व्हेंडर उलट जास्त नेटाने फोन करतो. काही मालक याच भीतीने देय तारखेचा रकाना झाकून टाकायला सांगतात. झाकला तर व्हेंडरचा पोर्टलवरचा विश्वास आठवडाभरात संपतो, हे मी एका कारखान्यात पाहिले आहे. तिथे लॉगिन करणारे व्हेंडर बोटांवर मोजण्याइतके उरले आणि तो रकाना शेवटी पुन्हा उघडावा लागला.

ग्राहकाचा प्रश्न: बाकीचे नग कधी?

विक्रीच्या बाजूला चित्र थोडे वेगळे असते. ग्राहकाने 500 शाफ्टची ऑर्डर दिली, त्यांतले 300 गेले, 200 बाकी आहेत. ईआरपीमध्ये या ऑर्डरची अवस्था "अंशतः डिस्पॅच" अशी दिसते, आणि ती शंभर टक्के खरी असूनही ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याच्या काहीच कामाची नसते. त्याला 300 नग कोणत्या गाडीने, कोणत्या ट्रान्सपोर्टने, कोणत्या एलआर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीच्या, क्रमांकाने निघाले हे हवे असते, आणि त्याहून जास्त, बाकीचे 200 कधी येणार हे हवे असते, कारण त्याची असेंब्ली लाइन त्यावर अवलंबून असते.

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. गाडीचा क्रमांक ई-वे बिलात असतो, ते बहुतेक ठिकाणी ईआरपीतूनच बनते, त्यामुळे पोर्टलवर तो आपोआप येतो. एलआर क्रमांक ट्रान्सपोर्टवाला पुष्कळदा दुसऱ्या दिवशी देतो. तोपर्यंत तो रकाना रिकामा न ठेवता "एलआर ट्रान्सपोर्टकडून येणे बाकी" असे लिहावे, म्हणजे ग्राहकाला वाटत नाही की कोणी विसरले.

दुसरा भाग अवघड आहे, आणि ग्राहक पोर्टले बहुधा येथेच फसतात. विक्री ऑर्डरमध्ये एक वायदा तारीख असते, ती ऑर्डर नोंदवताना एकदा टाकली जाते आणि नंतर तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. ऑर्डर घेताना 20 ऑगस्ट टाकली, 26 ऑगस्टला पोर्टलवर अजूनही 20 ऑगस्टच दिसते. ग्राहकाच्या दृष्टीने हे काहीच न दाखवण्यापेक्षा वाईट आहे, कारण आता तो फोन करतो तेव्हा चौकशी करत नाही, जाब विचारतो. म्हणून त्या तारखेला आधी मालक नेमावा लागतो. साधारणपणे उत्पादन नियोजन पाहणारा माणूस रोज संध्याकाळी पुढच्या दोन आठवड्यांतल्या ऑर्डरींच्या तारखा पाहून ज्या सरकणार त्या बदलतो; हे काम दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांचे असते, पण ते कोणाच्या तरी कामाच्या यादीत नावाने लिहिलेले असावे लागते. आणि पोर्टलमध्ये एक नियम घालावा, की उलटून गेलेली तारीख कधीच दाखवायची नाही. तिच्या जागी "नवी तारीख उद्या सायंकाळपर्यंत कळवू" असे दाखवायचे आणि त्याच क्षणी नियोजकाला सूचना पाठवायची. म्हणजे ग्राहकाचा फोन येण्याआधी घरातलाच माणूस जागा होतो.

काय दाखवायचे नाही, हेही येथेच ठरते. मशीनवरचा टप्पा, म्हणजे टर्निंग झाले, ग्राइंडिंग बाकी आहे, असा तपशील ग्राहकाला हवासा वाटतो, पण तो दिला की प्रत्येक टप्प्याबद्दल नवा फोन येतो. ग्राहकाची जुनी थकबाकी असल्याने ऑर्डर अडवलेली असेल, तर ईआरपीतला "क्रेडिट ब्लॉक" हा शब्द बाहेर जाऊ देऊ नये. "या ऑर्डरसाठी लेखा विभागाशी बोलावे" एवढे लिहून तिथल्या माणसाचा क्रमांक द्यावा. हा फोन व्हायलाच हवा असतो.

उतरवून घेण्याचे बिल

"बिलाची पीडीएफ पुन्हा पाठवा" ही विनंती सगळ्यांत साधी वाटते, आणि पोर्टलवरचे ते बटण बहुतेक वेळा सगळ्यांत आधी बनते. त्यात एक खोच आहे. ज्या उद्योगाची उलाढाल 2017-18 पासूनच्या कोणत्याही आर्थिक वर्षात 5 कोटी रुपयांपलीकडे गेली आहे, त्याला 1 ऑगस्ट 2023 पासून व्यवसायांना दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस बनवावे लागते. काही क्षेत्रांना सूट आहे, पण आपल्या कारखान्यासारख्या उत्पादकाला नाही. ईआरपी बिलाचा तपशील सरकारच्या नोंदणी पोर्टलला पाठवते, तिकडून आयआरएन हा बिलाचा 64 अक्षरांचा ओळखक्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड परत येतो, आणि तो क्यूआर छापलेले बिलच नियमानुसार बिल ठरते. ईआरपीमध्ये बिल सेव्ह झाले आणि आयआरएन यायला काही कारणाने अर्धा तास लागला, तर त्या अर्ध्या तासात पोर्टलवरून उतरवलेली पीडीएफ दिसायला तंतोतंत बिलासारखी असते, फक्त तिच्यावर क्यूआर नसतो. ग्राहकाचा लेखा विभाग ती परत पाठवतो आणि फोन येतो.

म्हणून "डाउनलोड" बटण आयआरएन आल्याशिवाय उगवताच कामा नये. तसेच पीडीएफ दर वेळी नव्याने बनवण्यापेक्षा आयआरएन आल्यावर एकदाच बनवून साठवलेली चांगली, नाहीतर दोन वर्षांनी कंपनीचा पत्ता किंवा छापण्याचा साचा बदलल्यावर जुन्या बिलाची नवी प्रत मूळ प्रतीशी जुळत नाही, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी ग्राहकाला ते समजावून सांगत बसावे लागते. ई-इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवर 24 तासांच्या आतच रद्द करता येते. तसे झाले, तर आपल्या पोर्टलवरून ते बिल गुपचूप गायब करू नये, "रद्द" असा ठळक शिक्का मारून तिथेच ठेवावे, कारण ग्राहकाने ते आधीच उतरवून घेतलेले असू शकते. इंजिनिअरिंगच्या मालाबरोबर मागितले जाणारे मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटही त्याच ओळीत, बिलाच्या शेजारी ठेवावे. बिलाच्या नावाने येणाऱ्या पुष्कळ फोनांत खरे मागणे त्या सर्टिफिकेटचे असते, आणि हे कोणालाच आधी सुचत नाही.

खिडकी किती ताजी, आणि कोणासाठी उघडी

पोर्टल ईआरपीला दोन प्रकारे जोडता येते. एक, पार्टीने पान उघडले की त्याच क्षणी ईआरपीला विचारून उत्तर आणायचे. दोन, दर पंधरा मिनिटांनी लागणारी माहिती वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवून ठेवायची आणि पोर्टलने ती वाचायची. पहिल्यात माहिती ताजी असते, पण ईआरपीचा दरवाजा इंटरनेटच्या दिशेने किलकिला ठेवावा लागतो, महिनाअखेरीला लेखा विभागाचे काम मंदावू शकते, आणि काही प्रणालींत अशा बाहेरच्या वापरासाठी वेगळे लायसन्स लागते. मला मध्यम कारखान्यांसाठी दुसरा प्रकार पसंत आहे, एका अटीवर: पानाच्या वरच्या बाजूला "माहिती आज 11:45 पर्यंतची" असे स्पष्ट दिसले पाहिजे. मागे चालणारी ती उतरवण्याची प्रक्रिया रात्री कधीतरी बंद पडते, कोणाच्या लक्षात येत नाही, आणि दुपारी फोनांचा पाऊस पडतो. वेळ छापलेली असेल, तर पहिलाच फोन करणारा सांगतो की तुमची माहिती कालची आहे.

पण पंधरा मिनिटांवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही, जोपर्यंत गेटवरची नोंद रजिस्टरमध्ये हाताने होते आणि स्टोअर्सचा माणूस शनिवारी बसून आठवड्याचे जीआरएन एकदम टाकतो. अशा कारखान्यात पोर्टल प्रामाणिकपणे "माल मिळालेला नाही" असे सांगते, आणि व्हेंडरकडे गेटचा शिक्का मारलेले चलन हातात असते. तेथे आधी गेटवर संगणक बसवावा आणि जीआरएन त्याच दिवशी करण्याची शिस्त लावावी. ती शिस्त लागली आहे की नाही, हे तपासायला एकच अहवाल पुरतो: गेट एंट्रीची तारीख आणि जीआरएनची तारीख यांतले अंतर, बिलागणिक.

उरला प्रश्न कोण काय पाहू शकतो याचा. पोर्टलमधली सगळ्यांत घातक चूक दिसायला अगदी किरकोळ असते. बिल उतरवण्याचा पत्ता ब्राउझरमध्ये `/invoice/download?id=4417` असा दिसतो, कोणीतरी कुतूहलाने 4417 च्या जागी 4418 टाकतो, आणि त्याच्यासमोर त्याच्या स्पर्धकाचे बिल दरांसकट उघडते. पोर्टलने लॉगिन तपासलेले असते, पण ते बिल त्या लॉगिनच्या पार्टीचे आहे की नाही हे तपासलेले नसते. योग्य तपासणी एका ओळीने वाढते:

```sql
SELECT pdf_path
FROM invoices
WHERE invoice_no = :requested_no
  AND customer_id = :session_customer_id;
```

यातली शेवटची ओळ महत्त्वाची आहे, आणि त्यातला पार्टीचा क्रमांक ब्राउझरकडून न घेता सर्व्हरवरच्या लॉगिनमधूनच घ्यायचा असतो. पोर्टल विकत घेताना विक्रेत्यासमोरच दोन वेगळ्या पार्टींच्या लॉगिनने हा प्रयोग करून पाहावा. पाच मिनिटे लागतात.

लॉगिन पार्टीच्या नावाने एकच न देता माणसागणिक द्यावे, कारण हिशेबनीस नोकरी सोडतो तेव्हा तेवढेच बंद करता आले पाहिजे. एकाच ग्राहकाचे पुणे आणि बेंगळुरूचे दोन जीएसटी क्रमांक असतील, तर ईआरपीत त्याची दोन खाती असतात. त्याच्या मुख्य कार्यालयातल्या माणसाला दोन्ही एका लॉगिनमध्ये दिसावीत, नाहीतर तो निम्मी बिले "गहाळ" आहेत म्हणून फोन करील. आणि बँक खाते बदलण्याची सोय मात्र व्हेंडर पोर्टलवर कधीच सरळ देऊ नये. त्यासाठी विनंती पोर्टलवरून यावी, पण पडताळणी आपल्याकडे आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करून व्हावी. व्हेंडरच्या नावाने खोटा ईमेल पाठवून पैसे भलत्याच खात्यात वळवण्याची फसवणूक याच वाटेने होते.

सुरुवात कोठून करावी, असे विचारले तर मी फोनशेजारी एक वही ठेवायला सांगतो. दोन आठवडे प्रत्येक फोनची एक ओळ: कोणी केला, काय विचारले, उत्तर द्यायला किती पडदे उघडावे लागले, आणि पुन्हा फोन करायला सांगावे लागले का. कोणत्या पानाने सुरुवात करायची, हे ती वहीच ठरवते, आणि तीन महिन्यांनी तशीच वही पुन्हा भरली की काय फरक पडला तेही कळते. पहिला महिना फोन कमी होत नाहीत. "ओटीपी आला नाही" आणि "आमचं जुनं बिल दिसत नाही" यांची त्यांत भरच पडते. त्या काळात बाईंनी उत्तर ईआरपीतून शोधायचे नाही, व्हेंडरला दिसते तेच पोर्टलचे पान आपल्या पडद्यावर उघडून त्याला सोबत न्यायचे: "तुम्ही लॉगिन केलंत ना? आता बिलं उघडा. एकशे बारा दिसतंय? त्याच्या खाली काय लिहिलंय, वाचा बरं." तो वाचतो, "नऊशे साठ स्वीकारले, चाळीस नापास," थोडा थांबतो आणि म्हणतो, "अच्छा, मग मी आमच्या क्वालिटीवाल्याशी बोलतो."